मार्केटिंगला पैसे किती ठेवायचे? विक्रीची टक्केवारी की उद्दिष्ट आणि काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरला रामबागेत माझ्या मावशीचं छोटं दुकान आहे. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, पापड आणि दिवाळीत फराळ असा माल असतो. मी तिचे हिशेब बघते. ओळखीच्या आणखी तीन-चार दुकानांचेही बघते. दरवर्षी मार्च संपत आला की सगळीकडे एकच विषय निघतो: जाहिरातीला औंदा किती काढायचे? त्या बोलण्यातून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे घेतले आहेत. उदाहरण मात्र शेवटपर्यंत मावशीच्या दुकानाचंच आहे, म्हणजे आकड्यांचा धागा सुटणार नाही.

विक्रीच्या टक्केवारीची पद्धत म्हणजे नेमकं काय?

विक्रीचा एक आकडा घ्यायचा, त्यावर ठरलेली टक्केवारी लावायची आणि येईल तेवढी रक्कम मार्केटिंगला ठेवायची. मावशीची टक्केवारी तीन आहे. विक्री 48 लाख झाली त्या वर्षी 1,44,000 रुपये ठेवले होते.

विक्रीचा आकडा कुठला धरायचा, यात फरक पडतो. बहुतेक दुकानदार गेल्या वर्षीची विक्री धरतात, कारण ती वहीत लिहिलेली असते. काही जण येत्या वर्षाचा अंदाज धरतात. पाकिटामागे अमुक रुपये बाजूला काढणारेही आहेत, तोही याच पद्धतीचा भाऊ. अंदाज धरणं हे गेल्या वर्षीच्या आकड्यापेक्षा बरं, कारण निदान नजर पुढे असते. पण पद्धतीचं मूळ दुखणं त्यानेही जात नाही.

आणि उद्दिष्ट आणि कामाची पद्धत?

इथे पैशापासून सुरुवात होत नाही. आधी काय घडायला हवं ते आकड्यात आणि मुदतीसह लिहायचं. मग ते घडायला कुठली कामं लागतील ते ठरवायचं. प्रत्येक कामाचा खर्च काढायचा. त्या खर्चांची बेरीज म्हणजे बजेट. शेवटी ही बेरीज आपल्याला झेपते का आणि तिच्यातून नफा सुटतो का, हे तपासायचं. नसेल सुटत तर उद्दिष्ट कमी करायचं किंवा स्वस्त काम शोधायचं. उद्दिष्ट तेच ठेवून कामांचे पैसे अर्धे करायचे नाहीत, कारण अर्ध्या पैशात ते काम होत नाही, फक्त पैसे जातात.

टक्केवारी इतकी सोपी आहे, मग तिचं दुखणं कुठे?

जाहिरातीमुळे विक्री व्हावी म्हणून आपण पैसे घालतो. टक्केवारीत मात्र विक्री झाली म्हणून जाहिरात होते. कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते. विक्री दरवर्षी थोडी थोडी वाढत असते तोवर हे कळत नाही. पडते तेव्हा कळतं.

मावशीच्या दुकानासमोरचा रस्ता गेल्या वर्षी खोदला गेला आणि महिनोन्महिने तसाच राहिला. दुचाकी लावायला जागा नाही, पावसाळ्यात दारात गुडघाभर चिखल. रोजची गिऱ्हाइकं तशीही आली. पण निपानिया, बिचोलीकडे राहायला गेलेली घरं, जी महिन्यातून एकदा गाडी काढून यायची, ती थांबली. विक्री 48 वरून 42 लाखांवर आली. तीन टक्क्यांनी नवं बजेट झालं 1,26,000. म्हणजे ज्या वर्षी जुन्या गिऱ्हाइकांना फोन करून "आम्ही घरपोच देतो" हे सांगायची खरी गरज, त्याच वर्षी 18,000 रुपये कमी. मावशी म्हणाली, "अगं, विक्रीच नाही तर जाहिरातीला कुठून काढू?" तिची अडचण खोटी नव्हती. पण रस्ता खोदला म्हणून विक्री पडली होती. भाजणी लोकांना नकोशी झाली म्हणून नव्हे. टक्केवारीला या दोन कारणांतला फरक दिसत नाही.

दुसरं दुखणं हंगामाचं. काही जण टक्केवारी महिन्यामहिन्याला लावतात. आमच्याकडे वर्षाच्या विक्रीचा जवळजवळ चौथा हिस्सा दिवाळीच्या महिन्यात होतो, म्हणजे त्या हिशेबाने जाहिरातीचा चौथा हिस्साही तेव्हाच. पण त्या महिन्यात चकल्या पाडणाऱ्या चार बायकांना पाणी प्यायला वेळ नसतो आणि आम्ही ऑर्डरी परत करत असतो. तेव्हा आणखी गिऱ्हाईक बोलावून "संपलं हो" म्हणणं म्हणजे पैसे देऊन माणूस नाराज करणं. मला विचाराल तर छोट्या दुकानात टक्केवारीने होणारं सगळ्यात मोठं नुकसान हे आहे आणि ते कुणाच्या लक्षातच येत नाही.

मग लोक टक्केवारी सोडत का नाहीत?

कारण तिच्यात खरे गुणही आहेत. गल्ल्यात येतात त्या प्रमाणातच पैसे जातात, त्यामुळे उधारीची पाळी येत नाही. दोन भावांच्या दुकानात भांडण होत नाही, आकडा ठरलेला असतो. आणि बाजारातले सगळे आपापल्या विक्रीच्या बेतानेच खर्च करत असतील, तर कुणी कुणाच्या अंगावर धावून जात नाही. मावशीचा किराणा दुकानांना जाणारा पापडाचा घाऊक माल आहे. वर्षानुवर्षं तीच दुकानं, तोच खप. तिथे मी अजूनही टक्केवारीच ठेवली आहे. नवं काही घडवायचं नसेल तर कामांची यादी करत बसण्यात अर्थ नाही.

तीन टक्के, पाच टक्के, हा आकडा येतो कुठून? त्याला काही शास्त्र आहे का?

बहुतेक वेळा तो वडिलांकडून येतो, नाहीतर शेजारच्या दुकानाकडून. पण शास्त्र आहे. 1954 साली डॉर्फमन आणि स्टाइनर या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवलं की नफा सगळ्यात जास्त व्हावा असं वाटत असेल, तर जाहिरात आणि विक्री यांचं प्रमाण दोन गोष्टींवरून ठरतं. सोप्या रूपात ते असं मांडता येतं:

टक्केवारी = विक्रीवरचा ढोबळ नफा × जाहिरातीला विक्रीचा प्रतिसाद

प्रतिसाद म्हणजे काय? जाहिरातीचा खर्च 10 टक्क्यांनी वाढवल्यावर विक्री 1 टक्क्याने वाढत असेल, तर प्रतिसाद 0.1. मावशीचा ढोबळ नफा, म्हणजे विक्रीतून मालाचा खर्च वजा जाता उरतं ते, 35 टक्के आहे. म्हणजे प्रतिसाद 0.1 असेल तर योग्य टक्केवारी 3.5. प्रतिसाद निम्मा, 0.05 असेल, तर टक्केवारी पावणेदोन.

यातून दोन गोष्टी समजतात. डाळी महागल्या आणि भाव वाढवता आला नाही तर ढोबळ नफा घटतो, आणि त्याबरोबर टक्केवारीही उतरायला हवी. वर्षानुवर्षं तीनला चिकटून बसणारे हे करत नाहीत. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. बरोबर टक्केवारी काढायची तर प्रतिसाद माहीत हवा, आणि प्रतिसाद माहीत करून घ्यायला एकेका कामातून काय निघालं ते मोजावं लागतं. म्हणजे चांगली टक्केवारी हे उत्तर आहे, आणि त्या उत्तराकडे जाणारी वाट कामांच्या यादीतूनच जाते.

"विक्री वाढवायची" हे उद्दिष्ट चालेल का?

नाही. त्यात आकडा नाही, मुदत नाही, आणि कुणी काय करायला हवं तेही नाही. "विक्री 42 वरून 48 लाख" हेसुद्धा अजून अर्धवटच आहे. विक्री हा शेवट झाला. जाहिरातीचं काम त्याच्या आधीच्या पायऱ्यांवर असतं: कुणाला कळलं, कुणी पहिलं पाकीट नेलं, कोण परत आलं. म्हणून विक्रीचा आकडा घरांमध्ये मोडायचा.

आमच्याकडे कायमचं घर महिन्याला साधारण 500 रुपयांचा माल नेतं, वर्षाला 6,000. नवी घरं सगळी एप्रिललाच जोडली जात नाहीत, वर्षभर थोडी थोडी येतात. म्हणून पहिल्या वर्षी एका घराकडून सरासरी अर्ध्याच वर्षाची, म्हणजे 3,000 रुपयांची खरेदी धरली. 6 लाख भागिले 3,000, म्हणजे 200 घरं. आता उद्दिष्ट असं झालं: येत्या मार्चपर्यंत 200 घरं कायमची जोडायची, त्यात तुटलेली जुनी आणि नवी दोन्ही. कायमचं घर कुणाला म्हणायचं, तेही लिहून ठेवलं: तीन महिन्यांत निदान तीनदा खरेदी. हे आधी लिहिलं नाही तर वर्षाच्या शेवटी ज्याला जसं सोयीचं तसं तो मोजतो.

उद्दिष्टापासून कामांपर्यंत कसं यायचं? एक पूर्ण उदाहरण द्या.

उलट चालत यायचं. सगळ्यात जवळचं आणि स्वस्त काम आधी बघायचं. मावशीच्या वहीत 350 घरांचे फोन नंबर होते, जी आधी यायची आणि रस्ता खोदल्यापासून आली नव्हती. त्यांना माल नव्याने समजावून सांगायचा नव्हता. यातली 60 घरं परत येतील असं धरलं. काम: एक मुलगी रोज दोन-तीन तास फोनवर, तीन महिने, महिना 6,000 प्रमाणे 18,000. शिवाय घरपोच देण्यात दर खेपेला आपल्या खिशातून 20 रुपये, 60 घरं, महिन्याला दोन खेपा, सहा महिने: 14,400. एकूण 32,400.

राहिली 140 नवी घरं. इथे दोन प्रमाणं लागतात. आमच्या जुन्या नोंदींवरून, पहिलं पाकीट नेणाऱ्या आठांपैकी तीन जण दुसऱ्यांदा घेतात, आणि दुसऱ्यांदा घेणाऱ्या तिघांपैकी दोघं कायमचे होतात. म्हणजे चार पहिल्या पाकिटांमागे एक कायमचं घर. 140 घरांना 560 पाकिटं.

ही 560 पाकिटं घराघरांत कशी जाणार? नव्या वसाहतींमधल्या सोसायट्यांत टेबल मांडायचं, तव्यावर गरम थालीपीठ करून लोण्याबरोबर चवीला द्यायचं आणि भाजणीचं छोटं पाकीट 30 रुपयांना विकायचं, जेवढ्यात त्याचा खर्च निघतो तेवढ्यातच. फुकट वाटायचं नाही. फुकट मिळालेलं पाकीट फडताळात पडून राहतं. 30 रुपये दिलेलं पाकीट आठवड्यात परातीत पडतं. एका टेबलाला 40 पाकिटं धरली, म्हणजे 14 टेबलं. एका टेबलाचा खर्च: सोसायटीला 1,500, दोन माणसांची मजुरी 1,200, गॅस, लोणी आणि चवीचं पीठ 1,300, टेम्पो 500, एकूण 4,500. चौदाचे 63,000. पाकिटातल्या कृतीच्या चिठ्ठ्या आणि छपाई 6,500. दुसऱ्या खरेदीवर 50 रुपये सूट, 560 पैकी 210 जण घेतील असं धरून 10,500. नव्या घरांचे एकूण 80,000.

यावर दोन किरकोळ कामं: खोदलेल्या रस्त्याच्या तोंडाशी "दुकान चालू आहे, मागच्या गल्लीतून या" अशी पाटी आणि नकाशावरची माहिती नीट करणं, 12,000; आणि आहे त्या गिऱ्हाइकांना दिवाळीचं दरपत्रक महिनाभर आधी पोचवणं, 15,000. सगळ्यांची बेरीज 1,39,400. अडीअडचणीला दहावा हिस्सा, सुमारे 14,000. बजेट झालं 1,53,400.

टक्केवारीने आले होते 1,26,000. फरक 27,400 रुपयांचा.

जास्तीचे 27,400 कुठून आणायचे? आणि आणावेत का?

आधी आणावेत का, ते बघू. 200 घरं जोडायला 32,400 आणि 80,000 मिळून 1,12,400 लागतात. एका घराला 562 रुपये. ढोबळ नफा 35 टक्के, म्हणजे 562 रुपये सुटायला त्या घराने सुमारे 1,600 रुपयांचा माल न्यायला हवा. महिना 500 प्रमाणे तीन महिने आणि काही दिवस. चौथ्या महिन्यापासून ते घर आपल्याला कमावून देतं. पहिल्याच वर्षात 6 लाखांच्या विक्रीवर 2,10,000 ढोबळ नफा, त्यातून 1,12,400 वजा, उरले 97,600. म्हणून आणावेत.

कुठून, याचं उत्तर वेळापत्रकात आहे. सगळे पैसे एकदम लागत नाहीत. फोनचं काम आधी सुरू केलं, कारण त्यातून पैसे लवकर परत येतात. टेबलं महिन्याला दोन, तीही फोनचं काम मार्गी लागल्यावर. मावशीला एकरकमी 1,53,400 ऐकून धसका बसला होता. महिन्याचा कागद समोर ठेवल्यावर कुठल्याच महिन्यात 24,000 च्या वर जात नव्हतं. मग तिने चष्मा काढला, कागद घडी करून गल्ल्यात ठेवला आणि म्हणाली, "पहिलं टेबल कधी?"

हिशेबाने घर महाग पडलं असतं, तर मी टेबलांची संख्या कमी करायला सांगितलं असतं आणि उद्दिष्टही 200 वरून खाली आणलं असतं. ही तपासणी न करता कामांची बेरीज करत सुटणं हा या पद्धतीतला मोठा धोका आहे. टक्केवारीत निदान आपोआप एक छप्पर असतं.

ही प्रमाणं चुकली तर सगळा हिशेब कोसळत नाही का?

कोसळतो, आणि म्हणूनच प्रमाणं आधीच लिहून ठेवायची असतात. चारात एक ऐवजी सातात एकच घर कायमचं झालं, तर 560 पाकिटांतून 140 ऐवजी 80 घरं. एका घराचा खर्च 571 वरून 1,000 वर जातो आणि तो सुटायला जवळपास सहा महिने लागतात. तरी बुडत नाही, पण पहिल्या वर्षी हाती फारसं काही लागत नाही.

यावरचा उपाय म्हणजे मध्येच थांबून बघायची जागा ठरवणं. आम्ही ती तीन टेबलांनंतर ठेवली. तोवर खर्च 13,500 झालेला असतो, 120 पाकिटं गेलेली असायला हवीत आणि शेवटच्या टेबलानंतर महिन्याभरात 45 जणांची दुसरी खरेदी दिसायला हवी. 30 च्या खाली आलं तर चौथं टेबल मांडायचं नाही, असं आधीच लिहिलं होतं. नंतर ठरवायला गेलं की मन आणखी एक टेबल मागतं.

पहिल्या टेबलालाच धडा मिळाला. रविवारी सकाळी आठ वाजता निपानियाच्या एका सोसायटीत बसलो. दहा वाजेपर्यंत 17 पाकिटं. फाटकातून माणसं जात होती, तव्याकडे बघून हसत होती आणि पुढे जात होती. एक काका म्हणाले, "बेटा, इतवार की सुबह तो पोहे-जलेबी होती है." इंदुरात रविवारी सकाळी थालीपीठ घेऊन बसणं ही चूक माझीच. पुढचं टेबल शनिवारी संध्याकाळी साडेपाचला मांडलं. मुलं खेळून भुकेली येत होती, आया मागोमाग. आठ वाजता 46 पाकिटं गेलेली होती.

आता इथे पद्धतीचा उपयोग बघा. पाकिटं कमी गेली म्हणून गडबड जागेत किंवा वेळेत आहे, हे लगेच कळलं. पाकिटं 40 गेली असती आणि दुसरी खरेदी झाली नसती, तर दोष चवीत, भावात किंवा दुकान लांब असण्यात शोधावा लागला असता, आणि टेबलं वाढवून तो गेला नसता. टक्केवारीच्या बजेटात "जाहिरातीचा उपयोग झाला नाही" एवढंच कळतं. कुठे अडलं ते कळत नाही.

पुढे काय झालं?

हे लिहितेय तोवर नऊ टेबलं झाली आहेत. 371 पाकिटं गेली, दुसरी खरेदी 128 घरांनी केली. हिशेबाने 139 व्हायला हवी होती, म्हणजे थोडं मागे आहोत. याच वेगाने नव्या घरांचा आकडा 140 ऐवजी 130 च्या आसपास थांबेल. फोनच्या कामात मात्र 60 धरली होती तिथे 71 जुनी घरं परत आली. त्यामुळे टेबलांची संख्या वाढवलेली नाही.

माझं दुकान नवं आहे. माझ्याकडे कुठलीच प्रमाणं नाहीत. मग?

मग पूर्ण वर्षाचं बजेट काढूच नका. झेपेल एवढी छोटी रक्कम घ्या, एकच काम निवडा आणि त्यातून प्रमाण काढा. पण फार छोटं नको. 20 पाकिटांवरून काढलेलं प्रमाण म्हणजे नशीब आहे. दोन जण जास्त आले की चित्र पालटतं. शंभर-सव्वाशे पाकिटांवर थोडा भरवसा ठेवता येतो. आणि ते शेजारीपाजारी, नातेवाईक यांच्यात मोजू नका. आपली माणसं मन राखायला दुसऱ्यांदाही घेतात.

नव्या दुकानाला टक्केवारी तर मुळीच लागू पडत नाही. विक्री शून्य असेल तर तीन टक्केही शून्यच.

समोरचा दुकानदार जास्त खर्च करतो. त्याच्याएवढा करावा का?

त्याचं उद्दिष्ट काय आहे ते तुम्हाला माहीत नाही, त्याचा ढोबळ नफाही माहीत नाही. नुसतं बघून शिकता येईल असं एखादं काम त्याने केलं असेल तर जरूर शिका. त्याचा आकडा उचलू नका.

एखादी मोठी संधी आयत्या वेळी आली तर? यादीत नसलेल्या कामाला पैसे द्यायचे का?

अनंत चतुर्दशीला इंदुरात गिरण्यांच्या झाँक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात, रात्रभर रस्ते माणसांनी भरलेले असतात. एका ओळखीच्या माणसाने त्या वाटेवर फलक लावून देतो म्हणून 25,000 सांगितले. "हजारो लोक बघतील मावशी!" बघतील हे खरं. पण आमच्या कामाच्या यादीला विचारलं, की त्यातून पहिली पाकिटं किती जातील? रात्री दोन वाजता पोराला खांद्यावर घेऊन चालणारा माणूस भाजणी घेत नाही, आणि सकाळी त्याला फलक आठवत नाही. त्याच 25,000 मध्ये पाच टेबलं होतात, म्हणजे 200 पाकिटं. म्हणून नाही म्हटलं. एखाद्या बँकेला किंवा साबणाच्या कंपनीला, जिला फक्त नाव नजरेसमोर ठेवायचं आहे, तोच फलक योग्य असू शकतो. तिचं काम वेगळं.

तेव्हा यादीबाहेरच्या कामाला बंदी नाही. त्याला तोच प्रश्न विचारा जो यादीतल्या कामांना विचारला होता. त्यासाठीच दहावा हिस्सा राखलेला असतो.

दोन्ही पद्धती एकत्र वापरता येतात का?

येतात, आणि मी तसंच करते. आहे ते धरून ठेवण्याच्या खर्चाला, म्हणजे घाऊक पापड, दरपत्रकं, जुन्या गिऱ्हाइकांचे निरोप, टक्केवारी. नवं काही घडवायच्या खर्चाला कामांची यादी. शिवाय वर एक छप्पर: दोन्ही मिळून विक्रीच्या चार टक्क्यांच्या वर जायचं नाही. मावशीचे 1,53,400 म्हणजे 42 लाखांचे 3.65 टक्के, छपराच्या आतच. छपराला लागत असेल तर उद्दिष्टांना क्रम लावायचा आणि शेवटचं पुढच्या वर्षावर ढकलायचं.

घरपोच देण्याचा खर्च, दुसऱ्या खरेदीवरची सूट, हे मार्केटिंगमध्ये धरायचं का?

हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. माझा नियम असा: घर जोडेपर्यंतचा खर्च मार्केटिंगचा, जोडल्यानंतरचा विक्रीचा. दुसऱ्या खरेदीवरची 50 रुपयांची सूट मार्केटिंगमध्ये. घरपोच देण्याचे पहिल्या सहा महिन्यांचे 20 रुपये मार्केटिंगमध्ये, त्यानंतर ते मालाच्या खर्चात जातात आणि त्या घराचा ढोबळ नफा 35 टक्के धरता येत नाही. 500 रुपयांच्या महिन्यात दोन खेपांचे 40 रुपये गेले की तो 27 टक्क्यांवर येतो. हे लपवून ठेवलं तर पुढच्या वर्षीचं गणित खोटं निघेल. म्हणून सातव्या महिन्यापासून दोन खेपांऐवजी महिन्याला एकच मोठी खेप करा, असं फोनवरची मुलगी आता प्रत्येक घराला विनवते आहे.

नोंद ठेवायला काय लागतं? काही खास सॉफ्टवेअर?

काही नाही. आमच्या प्रत्येक पाकिटात कृतीची चिठ्ठी असते आणि तिच्या कोपऱ्यात हाताने लिहिलेला एक आकडा: टेबलाचा क्रमांक. दुसऱ्या खरेदीला 50 रुपयांची सूट हवी तर ती चिठ्ठी दाखवायची, फोनवर ऑर्डर असेल तर आकडा सांगायचा. मावशी दोनशे पानी वहीत तारीख, फोन नंबर आणि तो आकडा लिहिते. महिनाअखेरीला मी टेबलावार मोजते. सुरुवातीला दोन आठवडे ती आकडा विचारायला विसरायची आणि सूट देऊन टाकायची. मग गल्ल्याच्या झाकणावर आतून तिनेच चिठ्ठी चिकटवली: "आधी नंबर, मग पन्नास."